धनी भला असला तरी : १७६६ चा एक कायदा आणि स्वातंत्र्याच्या दोन कल्पना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या विषयाची सुरुवात एका पुतळ्यापासून करू.

१७७० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहरात, बोलिंग ग्रीन नावाच्या मोकळ्या जागेत, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारला गेला. शिशाचा पुतळा, वरून सोन्याचा मुलामा. हा पुतळा कुणी राजानं लादलेला नव्हता बरं का. न्यूयॉर्कच्याच प्रांतिक सभेनं १७६६ मध्ये कृतज्ञता म्हणून तो उभारायचा ठराव केला होता. आणि ९ जुलै १७७६ ला, अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा शहरात वाचून दाखवला गेला, त्याच संध्याकाळी लोकांनी तो दोर लावून खाली पाडला. त्याचं शिसं वितळवून बेचाळीस हजारांहून अधिक बंदुकीच्या गोळ्या ओतल्या.

कृतज्ञता कशाबद्दल होती? तर एक कर रद्द झाला म्हणून. मग दहा वर्षांत असं काय झालं? आपण शाळेत शिकलो ते उत्तर असं, की इंग्रजांनी फार जुलूम केला, फार कर लादले. पण आकडे पाहिले तर हे उत्तर अपुरं पडतं. अमेरिकेतल्या वसाहतींवर कराचा बोजा खुद्द इंग्लंडमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी होता. मग ही माणसं स्वतःला ‘गुलाम’ का म्हणवून घेत होती? ही नुसती ओरड होती, की त्या शब्दाला त्यांच्या डोक्यात काही नेमका अर्थ होता? माझं म्हणणं असं आहे की नेमका अर्थ होता. तो समजून घ्यायचा तर पुतळ्याचा ठराव ज्यामुळे झाला, त्या १७६६ च्या मार्च महिन्याकडे जावं लागेल.

एकाच दिवशी दोन कायदे

१७६५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं वसाहतींसाठी स्टँप अॅक्ट केला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगासारखी वार्षिकं, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकाशिवाय विकता येणार नाहीत, असा तो कायदा. वसाहतींमध्ये दंगे झाले, मुद्रांक विकायला नेमलेल्या माणसांनी राजीनामे दिले, व्यापाऱ्यांनी इंग्रजी मालावर बहिष्कार घातला. लंडनचे व्यापारीच मग पार्लमेंटला विनवू लागले की हे मागे घ्या. १८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला. न्यूयॉर्कचा तो ठराव याच आनंदातला.

पण त्याच दिवशी राजानं आणखी एका कायद्याला संमती दिली. त्याला डिक्लरेटरी अॅक्ट म्हणतात. नुसतं ‘जाहीर करणारा’ कायदा. त्यात नवा कर नव्हता, कसली सक्ती नव्हती, शिक्षा नव्हती. एवढंच जाहीर केलं होतं की, वसाहतींना बंधनकारक होतील असे कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे, आणि तो सर्व बाबतींत आहे, कुठलीही बाब त्याला अपवाद नाही. आयर्लंडसाठी अर्ध्या शतकापूर्वी असाच कायदा झाला होता, त्याचाच हा नमुना.

आता बघा. तुम्ही त्या काळातले एखादे छापखान्याचे मालक आहात. काल तुमच्या वर्तमानपत्रावर कर होता, आज नाही. तुमच्या रोजच्या आयुष्यात कुणाचीही आडकाठी उरलेली नाही. फक्त एक कागद आहे, त्यावर लिहिलंय की आम्ही आडकाठी करत नाही आहोत, पण करायची ठरवली तर कधीही, कशातही करू शकतो. तुम्ही काल होतात त्यापेक्षा आज जास्त स्वतंत्र झालात का?

या प्रश्नाला दोन उत्तरं देता येतात, आणि ती स्वातंत्र्याच्या दोन वेगळ्या कल्पनांमधून येतात.

आडकाठी नसणं आणि मर्जीवर नसणं

पहिली कल्पना सोपी आहे. मला हवं ते करताना कुणी अडवत नाही, म्हणजे मी स्वतंत्र. जेवढी आडकाठी कमी, तेवढं स्वातंत्र्य जास्त. ही आज आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली कल्पना आहे. या हिशेबानं कर रद्द झाला म्हणजे स्वातंत्र्य वाढलं, विषय संपला.

दुसरी कल्पना जुनी आहे, रोमन आहे. रोमन कायद्यात माणसांची पहिली विभागणी अशी, की माणूस एक तर स्वतंत्र असतो, नाही तर गुलाम. गुलाम कोण? ज्याला मारझोड होते तो, अशी व्याख्या नाही. जो दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे तो. धनी मारतो की लाडानं वागवतो, याचा गुलाम असण्या-नसण्याशी संबंधच नाही.

रोमन नाटककार प्लॉटसची एक विनोदी नाटिका आहे, ‘मोस्टेलारिया’. त्यात ट्रॅनिओ नावाचा गुलाम आहे. म्हातारा धनी तीन वर्षं परदेशी गेलाय, धन्याचा मुलगा उधळपट्टी करतोय आणि ट्रॅनिओ त्यात सामील आहे. खातो, पितो, मजा करतो, कुणी त्याला हटकत नाही. एक दिवस बातमी येते की म्हातारा बंदरावर उतरला. आणि एका क्षणात ट्रॅनिओची घाबरगुंडी उडते. घरात भूत आहे म्हणून सांग, हे खोटं लपवायला ते खोटं सांग, अशी त्याची धावपळ सुरू होते. तीन वर्षं आडकाठी शून्य होती, तरी तो एक दिवसही स्वतंत्र नव्हता. धनी फक्त लांब होता.

हीच गोष्ट सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा वादाला आली. १६५१ मध्ये थॉमस हॉब्ज यानं लिहिलं की इटलीतल्या लुका या प्रजासत्ताक शहराच्या बुरुजांवर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे खरा, पण म्हणून तिथल्या माणसाला तुर्की सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या माणसापेक्षा जास्त मोकळीक आहे असं समजायचं कारण नाही. कायदे इथेही आहेत, तिथेही आहेत. पाच वर्षांनी जेम्स हॅरिंग्टन यानं याला उत्तर दिलं. ते आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल, कारण ते कुळाच्या भाषेत आहे. त्याचं म्हणणं असं, की कॉन्स्टँटिनोपलमधला मोठ्यात मोठा पाशासुद्धा स्वतःच्या डोक्याचा नुसता कूळ असतो, तेही मालकाच्या मर्जीचं कूळ. सुलतानाच्या मनात येईपर्यंत डोकं खांद्यावर. लुकामधला अगदी लहान जमीनवाला मात्र आपल्या डोक्याचा आणि जमिनीचा स्वतः मालक आहे.

म्हणजे दुसऱ्या कल्पनेत ‘मला आत्ता कुणी अडवतंय का’ हा प्रश्न नाही. ‘मला अडवायचं की नाही, हे कुणाच्या एकट्याच्या मर्जीवर आहे का’ हा प्रश्न आहे. याला इतिहासात प्रजासत्ताकवादी स्वातंत्र्य म्हणतात. आपण सोयीसाठी ‘अनधीनता’ म्हणू.

न लावलेला कायदा

आता पुन्हा न्यूयॉर्कला येऊ, कारण या फरकाचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

१७६५ चा आणखी एक कायदा होता, क्वार्टरिंग अॅक्ट. वसाहतींमध्ये तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांना राहायला जागा, सरपण, मेणबत्त्या, अंथरूण, मीठ, व्हिनेगर, बिअर वगैरे त्या त्या प्रांतानं पुरवायचं. न्यूयॉर्कच्या सभेनं बऱ्याचशा गोष्टी दिल्या, पण सगळ्या दिल्या नाहीत. मीठ, व्हिनेगर आणि पेय वगळलं. रक्कम किरकोळ. प्रश्न होता तो, आम्ही स्वतः ठरवून देतो की हुकमानं देतो, हा.

१७६७ मध्ये पार्लमेंटनं उत्तर म्हणून कायदा केला. न्यूयॉर्कची सभा क्वार्टरिंग अॅक्टचं पूर्ण पालन करेपर्यंत तिला एकही नवा कायदा करता येणार नाही. १ ऑक्टोबर १७६७ पासून अंमल. थोडक्यात, पुतळा उभारायचा ठराव ज्या सभेनं केला, तीच सभा पुतळा उभा राहायच्या आतच बंद ठेवायचा हुकूम.

आणि गंमत पुढे आहे. हा कायदा लंडनमध्ये मंजूर होत होता त्या सुमारालाच न्यूयॉर्कच्या सभेनं सैन्यासाठी पैसे मंजूर केलेले होते. बातम्या जहाजानं जायच्या, आठवडेच्या आठवडे लागायचे. पैसे दिले आहेत असं समजल्यावर तो कायदा प्रत्यक्षात लावायची वेळच आली नाही. सभा एक दिवससुद्धा बंद राहिली नाही.

पहिल्या कल्पनेनं हिशेब करा. आडकाठी किती झाली? शून्य. तक्रार कसली? काहीच नाही.

पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जॉन डिकिन्सन नावाचा वकील होता. त्यानं ‘एका शेतकऱ्याची पत्रं’ या नावानं वर्तमानपत्रात पत्रमाला सुरू केली, आणि पहिल्याच पत्रात हे प्रकरण घेतलं. त्याच्या स्वतःच्या प्रांताला कुणी बोटही लावलं नव्हतं. तो म्हणाला, न्यूयॉर्कची सभा चुकली असेल, मला तिचं वागणं पटलेलंही नाही. पण कायदे करायचा हक्क जर लंडनहून एका कागदानं काढून घेता येतो, तर मग दुसरा कुठला हक्क काढून घेता येणार नाही?

त्याच्या मनात काय होतं ते उलगडून पाहू. त्या दिवसापर्यंत बोस्टन, फिलाडेल्फिया इथल्या सभांमध्ये बसणारी माणसं समजत होती की आम्ही इथे बसतो तो आमचा हक्क म्हणून. त्या दिवसानंतर त्यांना कळलं की आपण बसतो ते कुणीतरी अजून उठवलेलं नाही म्हणून. खुर्ची तीच, काम तेच, भाषणं तीच. बदललं ते एवढंच, की आता बोलण्याआधी माणूस मनात म्हणणार, ‘हे लंडनला रुचेल ना?’ कायदा लावलाच नाही, तरी त्यानं काम केलं. आडकाठीच्या मापानं मोजायला गेलात तर ही गोष्ट त्या मापात दिसतच नाही.

एक पेनी आणि शेवटची पेनी

आता चहाकडे येऊ. १७६७ चे टाऊनशेंड यांचे कर १७७० मध्ये मागे घेतले, फक्त चहावरचा ठेवला. एका पौंडाला तीन पेन्स. का ठेवला? पैशासाठी नव्हे. हक्क सोडलेला नाही हे दाखवायला. मग १७७३ मध्ये टी अॅक्ट आला. ईस्ट इंडिया कंपनी, तीच आपली कंपनी, डबघाईला आली होती. तिला इंग्लंडमधल्या जकातीत सूट देऊन अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. परिणाम असा, की तीन पेन्सचा कर धरूनसुद्धा हा चहा चोरट्या मार्गानं येणाऱ्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता.

स्वस्त चहा मिळतोय आणि लोक चिडतायत! १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. यात स्थानिक व्यापाऱ्यांचा आणि चोरट्या चहावाल्यांचा स्वार्थ होता, ते नाकारायचं कारण नाही. पण तेवढ्यानं सामान्य माणसाचा राग समजत नाही.

तो समजायला जोसेफ प्रीस्टली याचा १७६९ मधला एक युक्तिवाद उपयोगी पडतो. प्रीस्टली म्हणजे पुढे ऑक्सिजनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेला तोच. त्याचं म्हणणं असं : ज्या अधिकारानं इंग्लंडचे लोक वसाहतवाल्यांकडून एक पेनी घेऊ शकतात, त्याच अधिकारानं ते त्यांच्याकडची शेवटची पेनीही घेऊ शकतात. म्हणून एक पेनी लहान आहे हा बचाव चालत नाही. आक्षेप रकमेला नाही, रक्कम कोण ठरवतो आणि त्याला कोण रोखतो याला आहे.

इथे एक वाजवी शंका येते. अहो, मग इंग्लंडमधला माणूस तरी काय वेगळा? त्याच्यावरही पार्लमेंटच कर लावत होतं. तिथेही बहुसंख्य लोकांना मत नव्हतंच. मग तोही गुलामच म्हणायचा का? वसाहतवाल्यांचं यावर उत्तर होतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पार्लमेंटचा सभासद जेव्हा इंग्लंडवर कर बसवतो, तेव्हा तो स्वतःवर, आपल्या शेजाऱ्यांवर, आपल्या मतदारांवरही बसवत असतो. त्याचा हात आपोआप आखडतो. तोच सभासद अमेरिकेवर कर बसवतो तेव्हा स्वतःवरचा कर तेवढा हलका करत असतो. एका ठिकाणी सत्तेला लगाम आहे, कच्चा का होईना. दुसऱ्या ठिकाणी लगामच नाही. म्हणजे फरक ‘कायदा आहे की नाही’ असा नाही. कायदा दोन्हीकडे आहे. ज्यांच्यावर तो चालतो, त्यांचं हित बघायला कायदा करणारा बांधला गेलेला आहे की नाही, हा फरक आहे.

१७७६ : प्राइस आणि त्याचे विरोधक

आता मुख्य वाद. फेब्रुवारी १७७६ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका निघाली. लेखक रिचर्ड प्राइस, मूळचा वेल्समधला, न्यूइंग्टन ग्रीन इथल्या एका छोट्या प्रार्थनामंडळाचा धर्मोपदेशक. मोठा गणिती होता, विम्याचे हिशेब शास्त्रशुद्ध कसे करावेत हे शिकवणाऱ्यांपैकी एक. पुस्तिकेचा विषय नागरी स्वातंत्र्याचं स्वरूप आणि अमेरिकेशी चाललेलं युद्ध. काही महिन्यांत तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

प्राइसचा मुद्दा आपल्या ओळखीचा झालाय. दुसऱ्याच्या सत्तेखालच्या माणसाला कितीही मायेनं वागवलं, तरी त्याला स्वतंत्र म्हणता येत नाही. आणि जे माणसाला लागू, ते एका समाजानं दुसऱ्या समाजाला ताब्यात ठेवण्यालाही लागू.

याला उत्तर देणाऱ्यांत जॉन लिंड नावाचा लेखक होता, आणि त्याच्या मागे त्याचा अठ्ठावीस वर्षांचा मित्र होता, जेरेमी बेंथॅम. बेंथॅमनं त्याच वर्षी लिंडला पत्र लिहिलं, त्यात तो स्वातंत्र्याबद्दलच्या एका कल्पनेवर आपला हक्क सांगतो. ती माझी आहे, मी तुला सांगितली, असा त्याचा सूर. कल्पना ही, की स्वातंत्र्य ही काही भरीव वस्तू नाही. सक्ती नसणं, एवढंच स्वातंत्र्य. इंग्रजी राजकीय चर्चेत ही कल्पना इतक्या स्पष्टपणे, आणि अमेरिकेच्या मागणीला खोडून काढण्यासाठी, वापरली गेली ती या वादात.

तिचा उपयोग कसा होतो ते पाहा. स्वातंत्र्य म्हणजे सक्ती नसणं असेल, तर प्रत्येक कायदा थोडं स्वातंत्र्य खातोच. लंडनचा कायदाही खातो, बोस्टनच्या सभेचा कायदाही खातो. मग कायदा कुणी केला, याचा स्वातंत्र्याशी संबंध काय? किती केला, एवढंच बघा. आणि ‘किती’ म्हणाल तर अमेरिकेवर सक्ती कमीच आहे. प्राइसच्या पायाखालची सतरंजीच ओढली!

नऊ वर्षं उलटल्यावर, १७८५ मध्ये, विल्यम पेली यानं हा मुद्दा आणखी व्यवस्थित मांडला. पेली प्रामाणिक होता. तो म्हणतो, लोकांची जुनी भाषा वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. पण त्यात ते स्वातंत्र्य आणि स्वातंत्र्याची सुरक्षितता यांची गल्लत करतात. शिवाय जी व्याख्या प्रत्यक्षात कधी पुरी करता येणार नाही, तिचा उपयोग काय? ती लोकांच्या मनात फक्त असंतोष पेरते.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्राइसचीही बाजू सगळीकडे पक्की नव्हती. प्रत्येकानं स्वतःचा कायदा स्वतः करावा, तरच तो स्वतंत्र, इथपर्यंत तो जातो. तेवढं ताणलं तर मतदानात हरलेला माणूसही गुलाम ठरेल. अनधीनतेला एवढं लागत नाही. सत्तेला जाब विचारायची सोय हवी, आणि ती सोय सत्ताधाऱ्याच्या इच्छेवर नको.

जुनी कल्पना का हरली?

या वादात त्या काळी बेंथॅम आणि पेली जिंकले. एकोणिसाव्या शतकात ‘आडकाठी नसणं’ हाच स्वातंत्र्याचा रूढ अर्थ झाला. का झाला? ते साम्राज्याचे भाट होते म्हणून, असं म्हटलं तर सोपं जाईल, पण ते खरं नाही. दोघंही गुलामगिरीच्या विरोधात होते.

जुन्या कल्पनेच्या घरातच एक गाठोडं लपवलेलं होतं. ‘आम्ही गुलाम होणार नाही’ असं म्हणणाऱ्या वसाहतींमध्ये सुमारे पाचवा हिस्सा माणसं शब्दशः गुलाम होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७७५ मध्येच खवचटपणे विचारलं होतं, की स्वातंत्र्यासाठी सगळ्यात मोठा गळा गुलामांना हाकणारेच कसे काढतात? प्राइसला ही टोचणी होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर १७८४ मध्ये त्यानं अमेरिकनांना बजावलं, की गुलामगिरी चालू ठेवाल तर मिळालेल्या स्वातंत्र्याला तुम्ही पात्र नाही. घराघरातही तेच. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यानं लग्न झालेली बाई नवऱ्याच्या ताब्यात, तिची मिळकतही त्याची. नोकर मालकाच्या ताब्यात. रोमपासून ही कल्पना मिरवणाऱ्यांनी ती मूठभर, मिळकतवाल्या, घरच्या कर्त्या पुरुषांसाठीच ठेवली होती. एवढ्याच लोकांना कुणाच्या मर्जीवर न ठेवणं परवडतं.

आता समजा तुम्ही बेंथॅमसारखे आहात, स्वातंत्र्य सगळ्यांना मिळावं असं तुम्हाला मनापासून वाटतं. बायकांना, नोकरांनाही. मग जुनी व्याख्या फार महाग पडते. ती पाळायची तर नवरा-बायकोचा, मालक-नोकराचा कायदा मुळापासून बदलावा लागेल. दोन वाटा उरतात. कायदा बदला, नाही तर व्याख्या स्वस्त करा. आयर्लंडमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी १९९७ मधल्या ‘रिपब्लिकॅनिझम’ या ग्रंथात हेच निदान केलंय : माणसं वाढली, म्हणून कल्पना पातळ केली गेली. त्यांच्या आणि इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांच्या कामामुळे हा विसरलेला वाद पुन्हा उजेडात आला.

पहिली वाट, कायदा बदलायची, तीही कुणी तरी धरलीच. प्राइसच्याच न्यूइंग्टन ग्रीनच्या मंडळात बसणारी एक तरुण शिक्षिका होती, मेरी वुलस्टनक्राफ्ट. तिनं १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं ते याच शिदोरीवर. नवरा चांगला निघाला हे बाईचं नशीब झालं, स्वातंत्र्य नव्हे.

आपल्याकडे

हा वाद आपल्यापर्यंत पोचतो का? माझ्या मते पोचतो, आणि तो थेट कोकणात पोचतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्याला माहीत आहे. पण मला सांगायचंय ते खोतीबद्दल.

रत्नागिरी भागात खोत सरकारचा सारा गोळा करायचा, आणि जमीन कसणारं कूळ त्याच्या हाताखाली. मघाशी हॅरिंग्टनचं ‘मर्जीचं कूळ’ मी सांगितलं, ते इथे उपमा म्हणून राहत नाही. सगळे खोत वाईट होते असं मुळीच नाही. काही खोत कुळाच्या अडीनडीला धावणारेही असतील. पण कुळाला अंगणात उभं राहून बोलताना खोताचा चेहरा बघूनच बोलावं लागे. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. लक्षात घ्या, मागणी ‘खोतांनी नीट वागावं’ अशी नव्हती. मधला खोतच नको, कसणाऱ्याचा हक्क कागदावर हवा, अशी होती. खोती संपवणारा कायदा शेवटी १९४९ मध्ये झाला.

आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आंबेडकर नेमका आपला आजचा प्रश्न विचारतात. सरकारनं आर्थिक व्यवहारातून हात काढून घेतला की स्वातंत्र्य वाढतं म्हणतात, पण ते कुणाचं वाढतं? जमीनदाराला खंड वाढवायचं, मालकाला कामाचे तास वाढवायचं. कामगाराच्या वाट्याला सरकारच्या जागी खासगी मालकाची हुकूमशाही येते. आडकाठी कमी झाली आणि मर्जी वाढली, याचं इतकं थेट वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

शेवटी एक आक्षेप घेतो, कारण तुमच्यापैकी कुणीतरी तो विचारणारच. ‘अहो, ही सगळी शक्यतेची गोष्ट आहे. धनी खरंच भला असेल, त्रास व्हायची शक्यता शंभरात एक असेल, तर मग तक्रार कसली? पेली म्हणतो तसं, स्वातंत्र्य आहेच, फक्त सुरक्षितता थोडी कमी.’

याला उत्तर असं. ती शक्यता शंभरात एकवर कशामुळे राहते, ते बघा. दोन कुळं घ्या. दोघांनाही जमिनीवरून उठवलं जाण्याची शक्यता सारखीच कमी आहे. पहिल्याची कमी आहे कारण तो खोताला दुखवत नाही, सणाला भेट देतो, वेठीला बोलावलं की जातो, मुलानं उलट उत्तर दिलं तर मुलाला गप्प करतो. दुसऱ्याची कमी आहे कारण त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि तंट्याला कोर्ट आहे. आकडा सारखा आहे. पण पहिल्यानं तो आकडा रोज स्वतःला वाकवून विकत घेतलाय. खुशामत जितकी यशस्वी, तितकी आडकाठी कमी. म्हणजे आडकाठीच्या मापानं मोजलं, तर उत्तम खुशामत करणारा सगळ्यात स्वतंत्र ठरेल! ज्या मापाचं उत्तर असं येतं, त्या मापातच खोट आहे.

१७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. जाळलेली गावं, लादलेले कर, सगळं आहे. त्यातच एक तक्रार अशी, की आमच्या विधिसभा स्थगित केल्या, आणि सर्व बाबतींत आमच्यासाठी कायदे करायचा अधिकार आपल्याला आहे असं जाहीर केलं. दहा वर्षांपूर्वीच्या त्या एका कागदाचे शब्द त्यात आले. ज्या वर्षी तो कागद झाला, त्या वर्षी लोक पुतळ्याचा विचार करत होते, कारण कर गेला होता. कागद नीट वाचायला त्यांना दहा वर्षं लागली.

आता प्रश्न घेऊ.